माघातलं ऊन आणि वैशाखातला कोट

नगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गावोगावच्या फोटो स्टुडिओत एक काम वर्षभर येत असतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं, दशक्रिया विधीला चार-सहा दिवस उरलेले असतात, आणि सगळ्यांचे मोबाइल धुंडाळून जो एकच बरा फोटो सापडतो त्यात ते बंडीवर बसलेले असतात. फ्रेमसाठी आणि फ्लेक्ससाठी घरच्यांना कोटातला फोटो हवा असतो. आमच्याकडे या कामाला ‘ड्रेस चेंज’ म्हणतात.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावातून मुलगा असाच फोटो घेऊन आला. “भाऊ, कोट घाला, पण बाबा बाबाच दिसले पाहिजेत,” एवढंच म्हणाला. फोटो घरासमोरच्या अंगणात काढलेला. बाबा खुर्चीवर, डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी, चेहऱ्यावर कोवळं ऊन. कॉम्प्युटरवर तयार कोटांच्या फाइली भरपूर असतात. त्यातला एक काळा कोट घेतला, मानेशी कटिंग केलं, कोट बसवला. पाच मिनिटांत काम झालं आणि बाबा कोटाच्या मागे उभे राहून नुसती मान वर काढल्यासारखे दिसायला लागले. कडा स्वच्छ होत्या, मापही बरोबर होतं. चुकला होता तो उजेड. हा कोट मग कसा बसवला ते क्रमानं सांगतो.

आधी चेहऱ्यावरचा उजेड वाचायचा

कोटाला हात लावण्याआधी मूळ फोटो मोठा करून तीन ठिकाणं बघायची. पहिलं नाक. नाकाची सावली कुठल्या गालाकडे पडली आहे आणि किती खाली गेली आहे, यावरून सूर्य कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर होता ते कळतं. या फोटोत सावली आपल्या उजव्या हाताकडे आणि थोडीशी खाली होती. म्हणजे ऊन आपल्या डावीकडून येत होतं आणि सूर्य फार वर आलेला नव्हता. दुसरं ठिकाण हनुवटी. तिची सावली मानेवर तशीच, उजवीकडे सरकून पडली होती, म्हणजे नाकाची साक्ष खरी ठरली. तिसरं, सावलीची कड. ती चाकूनं कापल्यासारखी होती. ढगाळ दिवस असता किंवा बाबा पडवीत बसले असते तर कड विरघळलेली दिसली असती.

एका रिकाम्या लेयरवर लाल रंगानं बाण काढून ठेवायचा: डावीकडून, जरा वरून. काम संपेपर्यंत हा बाण मिटवायचा नाही. तासाभरानं डोळा थकला की आपण नकळत भलत्याच बाजूला उजेड देऊ लागतो, त्या वेळी बाणच जागेवर आणतो.

आता तयार कोट बघा. तो स्टुडिओत, दोन्ही बाजूंनी मऊ दिवे लावून काढलेला होता, आणि उजवीकडचा दिवा जरा जास्त होता. कोटाची छातीवरची जी उलटलेली पट्टी असते, तिची कड उजेड कुठून आला ते लगेच सांगते. उजेड डावीकडून असेल तर डाव्या पट्टीच्या काठाखाली, आतल्या पांढऱ्या शर्टावर, एक बारीक सावली पडते. उजव्या पट्टीचा काठ मात्र उजेडाकडे तोंड करून असतो, त्यामुळे तो चमकतो आणि शर्टावर सावली टाकत नाही. आमच्या तयार कोटात नेमकं उलटं होतं. फोटो बघणाऱ्या माणसाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला दुरूनही कळतं.

मग कोट आडवा उलटवायचा का? हा मोह सगळ्यांना होतो. पण पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा अंगातल्या डाव्या बाजूला असतो आणि डावी बाजू उजवीवर येते. उलटवला की खिसा उजवीकडे जातो. साडीचं तर विचारायलाच नको. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर गेला तर आजी आपल्या राहतच नाहीत. त्यातून उलटवून दिशा जुळली तरी मऊ दिव्यातल्या कोटाला उन्हातल्या सावल्या मिळत नाहीत. कापडाच्या चुण्यांमध्ये जो उजेड मुरलेला असतो तो ब्रशनं कमी-जास्त करता येतो, पण कडक उन्हातल्या चुण्यांची बाजू पालटता येत नाही. प्रत्येक चुणीला एक उजळ आणि एक काळी बाजू असते. शंभर चुण्या हातानं उलट्या रंगवायला बसलात तर कापडाचं प्लास्टिक होतं.

कोट त्याच उन्हात नेऊन काढायचा

म्हणून मी मुलाला विचारलं, “बाबांचा स्वतःचा कोट आहे का घरी?” होता. धाकट्याच्या लग्नात घेतलेला. दहाव्याला अजून सहा दिवस होते. तो कोट मुलानं अंगात घालायचा, त्याच अंगणात खुर्चीवर बसायचं आणि आपण फोटो काढायचा. चेहरा बाबांचा, कोट मुलाच्या अंगातला. कापड माणसाच्या अंगावर असल्यामुळे खांद्याचा उतार आणि काखेतल्या चुण्याही खऱ्या येतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुष्कळ जण इथेच चुकतात. “फोटो सव्वानऊला काढलेला आहे, मग आपणही सव्वानऊला काढू” असं म्हणून चालत नाही. मोबाइलच्या नोंदीत त्या फोटोची तारीख 10 फेब्रुवारी होती, वेळ सकाळी सव्वानऊ. बाबा गेले मे महिन्याच्या मध्यात. माघात सूर्य आग्नेयेकडून वर चढतो. आपल्या भागात त्या दिवशी सव्वानऊला तो क्षितिजापासून साधारण 28 अंश वर असतो. घराचं दार पूर्वेला, बाबांचं तोंड पूर्वेला, त्यामुळे ऊन त्यांच्या उजव्या गालावर, म्हणजे फोटो बघताना आपल्या डावीकडे. मेच्या मध्यात सूर्य पूर्वेच्याही थोडा उत्तरेकडून वर येतो. त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून बसलं तर ऊन दुसऱ्याच गालावर पडतं. शिवाय 28 अंशांची उंची तो सकाळी आठच्या सुमारासच गाठतो. सव्वानऊपर्यंत पुष्कळ वर आलेला असतो. याच दिवसांत आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. तेव्हा काढलेला कोट तर सगळा खांद्यांवरच उजळतो आणि छातीला अंधार राहतो.

हे सगळं गणित करायची गरज पडत नाही, कारण मापयंत्र चेहऱ्यावरच आहे. बाबांचा फोटो मोबाइलवर उघडून शेजारी धरायचा. मुलाला बसवायचं आणि त्याच्या नाकाची सावली बाबांच्या नाकाच्या सावलीसारखी पडेपर्यंत खुर्ची फिरवायची. आम्ही सकाळी साडेसातला जाऊन बसलो. खुर्ची ईशान्येकडे फिरवल्यावर बाजू जुळली, पण सावली गालावर आडवी जात होती, म्हणजे सूर्य अजून खाली होता. आठ वाजून गेल्यावर ती हवी तेवढी खाली उतरली. तिथून पाच-दहा मिनिटांचा वेळ मिळतो. तेवढ्यात पंधरा-वीस फोटो काढून घ्यायचे.

आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. कॅमेरा मूळ फोटोत जेवढ्या उंचीवर आणि जेवढ्या अंतरावर होता तेवढाच ठेवायचा. जवळून काढलेल्या फोटोत खांदे मागे पळतात आणि मग लांबून काढलेल्या चेहऱ्याला ते बसत नाहीत. आणि पायाखालची जमीन तशीच असू द्यायची. अंगणातली माती उन्हाचा थोडा उजेड वर फेकते आणि कोटाच्या खालच्या बाजूला तो तांबूस दिसतो. खाली पांढरी ताडपत्री अंथरली तर हा उजेड बदलतो.

सावलीचा रंग मोजून घ्यायचा

आता स्टुडिओत. Photoshop मध्ये कोटाचा फोटो मूळ फोटोवर घेतला, मापाला आणला, मास्क लावून मुलाचा चेहरा झाकला आणि बाबांची मान उघडी केली. कॉलरच्या आतली मागची पट्टी मानेच्या मागे जायला हवी आणि पुढची मानेच्या पुढे. म्हणून कॉलरचे दोन वेगळे लेयर करायचे. हे काम सगळ्यांना येतं.

खरं काम हनुवटीच्या सावलीचं. मूळ फोटोत ती मानेवरून उतरून बंडीच्या गळ्यापर्यंत गेली होती. आता तिथे शर्टाची कॉलर आली. मुलाची हनुवटी वेगळी, म्हणून त्याच्या कॉलरवर पडलेली सावली तशीच ठेवता येत नाही. बाबांची सावली मानेवर अर्धी येऊन कॉलरपाशी तुटली होती. ती आपल्याला पुढे न्यायची आहे.

बहुतेक जण काळा ब्रश घेतात, त्याची Opacity कमी करतात आणि फिरवतात. उघड्यावरची सावली काळी नसते. तिथे सूर्य पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून ती निळसर असते. नेमकी किती, हे फोटोच सांगतो. पांढऱ्या कापडावर उन्हातली एक जागा आणि त्याच कापडावरची सावलीतली एक जागा निवडायची आणि Info मध्ये दोन्हींचे आकडे वाचायचे. बाबांच्या बंडीवर उन्हात 228, 226, 220 आले आणि सावलीत 108, 115, 128. लाल, हिरवा, निळा या क्रमानं. मग प्रत्येक रंगासाठी:

```
सावली ÷ ऊन × 255
108 ÷ 228 × 255 = 121
115 ÷ 226 × 255 = 130
128 ÷ 220 × 255 = 148
```

121, 130, 148 हा रंग नव्या लेयरमध्ये भरायचा आणि लेयर Multiply वर ठेवायचा. हाच या फोटोतल्या सावलीचा रंग. Multiply खालच्या रंगाला या प्रमाणात उतरवतो, म्हणून तोच लेयर शर्टावर चालतो, काळ्या कोटावर चालतो आणि मानेच्या कातडीवरही चालतो. प्रत्येक कापडासाठी वेगळी सावली बनवत बसावं लागत नाही. एक काळजी घ्यायची. उन्हातली जागा जळून 255 झालेली असेल तर ती मोजायला घेऊ नये. तिथे खरा आकडा कापला गेलेला असतो आणि सावली हवी त्यापेक्षा फिकी येते. मोबाइल स्वतःहून सावल्या उजळवतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नसतो, पण अंदाजानं फिरवलेल्या काळ्या ब्रशपेक्षा तो कितीतरी जवळचा असतो.

लेयरचा मास्क Ctrl+I नं काळा करायचा आणि सावली हवी तिथेच पांढऱ्या ब्रशनं उघडायची. आता तिचा आकार. मानेवरची सावलीची कड ज्या तिरकसपणानं उतरते आहे तोच तिरकसपणा धरून कॉलरवर यायचं. पण सरळ रेघ ओढायची नाही. कॉलर मानेपासून पुढे उभी असते, म्हणून तिथे ती कड एक लहान पायरी घेते. पुढे आलेल्या पृष्ठभागावर सावली लवकर अडते, त्यामुळे ती थोडी वर आणि थोडी उजेडाच्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे सरकते. कॉलर मानेपासून जेवढी पुढे असेल त्या प्रमाणात ही पायरी. ती दिली की कॉलर मानेला लागून उभी राहते, आणि नाही दिली तर कागदाची वाटते.

कडेचा मऊपणाही मोजता येतो. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावली टाकणारी वस्तू जितक्या अंतरावर, त्या अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी सावलीची कड पसरते. हनुवटीपासून कॉलरपर्यंत उन्हाची वाट साधारण 7 सेंटिमीटर, म्हणजे कड एक मिलिमीटरपेक्षाही कमी पसरणार. आमच्या फोटोत चेहऱ्याचे 20 सेंटिमीटर 600 पिक्सेलमध्ये बसत होते, म्हणजे सेंटिमीटरला 30. हिशेबानं कड दोन पिक्सेलची झाली. सवयीनं लोक इथे वीस-तीस पिक्सेलचा मऊ ब्रश घेतात. तो ढगाळ दिवसाच्या फोटोला शोभतो. उन्हातल्या चेहऱ्याखाली तसली धुरकट सावली आली की गळ्याला काजळी लागल्यासारखी दिसते.

कोट मुलाच्या अंगावर त्याच उन्हात काढल्यामुळे पट्ट्यांच्या आणि बटणांच्या सावल्या आपोआप बरोबर आल्या होत्या. एकच सावली हातानं द्यावी लागली: मान आणि कॉलर जिथे खरोखर टेकतात तिथली, दोन-तीन पिक्सेलची गडद रेघ. तिथे आकाशाचाही उजेड शिरत नाही, म्हणून तिला वरच्या लेयरपेक्षा जास्त गडद आणि जरा तपकिरी ठेवायची. अख्ख्या गळ्याभोवती ती सारखी फिरवायची नाही. उजेडाच्या बाजूला, जिथे कॉलर मानेपासून सुटलेली दिसते, तिथे तुटू द्यायची.

कोटानं चेहराही बदलतो

हे मला फार उशिरा कळलं. आपण कोटावर सगळं काम करतो आणि चेहरा तसाच ठेवतो. पण बाबांच्या अंगात पांढरी बंडी होती. छातीवरचं ऊन त्या पांढऱ्या कापडावरून वर उडून जबड्याच्या खालच्या बाजूला लागत होतं. आता तिथे काळा कोट आहे, तो उजेड गिळतो. तरी जबडा खालून उजळच राहिला तर चेहरा आणि कोट दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत हे उघडं पडतं. म्हणून चेहऱ्याच्या लेयरवर Curves चा लेयर Ctrl+Alt+G नं अडकवायचा, तो थोडा खाली ओढायचा आणि मास्कमधून फक्त जबड्याच्या दोन्ही कडांखाली उघडायचा. आठ-दहा आकड्यांचा उतार पुरतो. हनुवटीच्या बरोबर खाली मात्र हात लावायचा नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधून पांढरा शर्ट अजून दिसतोय आणि तो उजेड वर फेकतोच.

फेटा बांधायचा असेल तर हीच गोष्ट वरून होते. केशरी फेट्याचा उजेड कपाळाच्या वरच्या भागावर आणि कानांच्या पाळीवर केशरी छटा देतो, आणि फेट्याची कड जेवढी पुढे आलेली असते त्या हिशेबानं कपाळावर सावली पडते. सूर्य समोर 45 अंशांवर असेल तर कड जेवढी पुढे तेवढीच सावली खाली येते. आमच्या 28 अंशांना ती साधारण निम्मी येते. या बाबांची टोपी त्यांचीच होती, तिला हात लावला नाही.

याच टप्प्यावर रंगाकडे एकदा बघून घ्यायचं. सगळ्या लेयरांवर तात्पुरता Black & White चा लेयर टाकायचा. रंग गेले की उजेड उघडा पडतो. उन्हातला खांदा काळ्या कोटाचा असला तरी करडा दिसायला हवा, आणि सावलीतला खांदा त्याच्याहून स्पष्ट गडद. आमच्याकडे सावलीतला खांदा जरा फिका आला होता, कारण मुलाचा फोटो दुसऱ्या मोबाइलनं काढला होता. Curves नं तो उतरवला. मग तो लेयर काढून पांढऱ्या रंगाकडे बघितलं. टोपीचं उन्हातलं पांढरं किंचित पिवळसर होतं, शर्टाचं दुधासारखं. शर्टाला थोडा पिवळा दिल्यावर टोपी आणि शर्ट एकाच सकाळचे झाले.

धार आणि दाणा

बाबांचा फोटो मऊ आणि दाणेदार. कोटाचा फोटो मात्र ताजा, धागा न् धागा दिसणारा. दोन्ही 100 टक्क्यांवर शेजारी ठेवून कोटाला Gaussian Blur द्यायचा. 0.5 पासून सुरू करून भुवईच्या केसाइतकी शर्टाची शिवण मऊ होईपर्यंत वाढवायचा. मग Add Noise, Monochromatic वर टिक लावून, एक-दीड टक्का. चेहरा धारदार करून कोटाच्या बरोबरीला आणायचा प्रयत्न करू नये. त्यानं सुरकुत्या कोरल्यासारख्या होतात, आणि घरच्यांना तोच चेहरा बघायचा असतो.

फ्लेक्ससाठी वेगळी फाइल करायची. फ्लेक्सवर गडद जागा आणखी मिटतात, काळा कोट एक सपाट डाग होऊन जातो आणि इतक्या कष्टानं जमवलेला उजळ खांदा दिसतच नाही. म्हणून त्या फाइलमध्ये कोटाच्या सावल्या थोड्या वर उचलायच्या. फ्रेमच्या फाइलला हे करायचं नाही.

शेवटी फोटो आडवा उलटवून दोन मिनिटं बघायचा. डोळ्याला सवयीचा चेहरा अनोळखी होतो आणि चुकलेली सावली चटकन दिसते. मला तशीच एक सापडली. कोटाच्या खिशाचा रुमाल मी नंतर तयार फाइलमधून आणला होता आणि त्याची सावली अजून उजवीकडून आलेल्या उजेडाची होती. लाल बाण समोर होता, तरी रुमालाकडे लक्ष गेलं नव्हतं. रुमालच काढून टाकला. बाबा असला रुमाल कधी वापरत नसत, हे मुलानंही सांगितलं.

मग चार बाय सहाची एक प्रिंट काढून मुलाच्या हातात दिली, घरी दाखवायला. दुसऱ्या दिवशी फोन आला. आईंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाल्या, “यांना हा कोट खांद्यात एवढा ढिला नव्हता.” खांदे मुलाचे होते, रुंद. मी फाइल परत उघडली, दोन्ही खांदे थोडे आत घेतले, त्याबरोबर सरकलेली कॉलरवरची सावली पुन्हा जागेवर आणली, आणि मग प्रिंटला पाठवलं.